वांग्यावरील ठिपक्यांचा भुंगेरा: फोटोवरून निर्णय

पुरंदरच्या एखाद्या शेतकऱ्याने वांग्याच्या पानावरील लालसर, ठिपक्यांच्या भुंगेऱ्याचा फोटो पाठवून "फवारणी करू का?" असे विचारले, तर ठिपके मोजून उत्तर देऊ नका, कारण मावा खाणारा ढालकिडा आणि पाने खाणारा हड्डा भुंगेरा हे एकाच कुळातले असून दोघांच्याही पाठीवर ठिपके असू शकतात. आधी पाठीची चमक पाहा. ढालकिड्याची पाठ गुळगुळीत आणि चकचकीत असते, तर हड्ड्याच्या पाठीवर बारीक लव असल्याने ती मळकट, तांबूस दिसते. मात्र फ्लॅश वापरलेल्या किंवा अस्पष्ट फोटोत ही खूण फसवते, म्हणून त्याच पानाच्या खालच्या बाजूचा जवळून घेतलेला फोटो अवश्य मागवावा. तेथे पिवळ्या, काटेरी अळ्या दिसल्या आणि हिरवा भाग खरवडला जाऊन पानाची जाळी झाली असेल, तर ती कीडच आहे. याउलट मावा आणि त्याच्या आसपास फिरणाऱ्या लांबट, काळपट अळ्या असतील, तर फवारणी थांबवायला सांगा. तो भुंगेरा ढालकिडा, म्हणजे मित्रकीटक आहे. फोटोत केवळ पिवळ्या अंड्यांचा पुंजका असेल, तर निर्णय देऊ नये, कारण दोघांची अंडी जवळजवळ सारखीच दिसतात. अळ्या बाहेर पडल्यावर पुन्हा फोटो मागवावा.