आजीचं वय वंदना कार्ड काढताना

सत्तरी पूर्ण झालेल्यांना मोफत उपचारांसाठी मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड आजीसाठी पहिल्यांदाच काढतोयस, तर आधी आधार कार्ड बघ. सत्तरी पूर्ण झाली की नाही हे आधारवरच्या जन्मतारखेवरून ठरतं. उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

आमच्या शेजारच्या आजींचं सांगतो. नातवाने आयुष्मान ॲपमध्ये त्यांचा चालू नंबर टाकला, ओटीपी आला, लॉगिन झालं. पुढे आधार क्रमांक भरल्यावर दुसरा ओटीपी काही येईना. तो आधारला जोडलेल्या नंबरवर जातो आणि तिथे आजोबांचं बंद झालेलं सिमकार्ड होतं. बहुतेकांचं इथेच अडतं, म्हणून तो नंबर आधीच तपासून ठेव.

नातवाने मग चेहऱ्याने पडताळणी निवडली. त्यासाठी AadhaarFaceRD हे वेगळं ॲप लागतं. आजी दोनदा डोळे मिचकावायच्या विसरल्या. तो चिडला नाही. त्यांना खिडकीसमोर बसवलं, चष्मा काढायला लावला आणि म्हणाला, "आजी, मी 'आता' म्हटलं की डोळे मिटून उघड." तिसऱ्यांदा झालं. मग पत्ता, पिनकोड, कुटुंबाची माहिती. प्रत्येक रकाना त्याने वाचून दाखवला, उत्तर आजींनीच दिलं. मला हीच पद्धत योग्य वाटते, कारण सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचा लाभ आहे का, हे तिथे विचारतात आणि असल्यास दोहोंपैकी एक निवडावी लागते. तो निर्णय आजीचा.

कार्ड डाउनलोड झालं की प्रिंट काढ. काही अडलं तर 14555 वर फोन कर.