प्रोसेसर दणकट, पण स्क्रीन अंधुक : पैसे परत मागता येतील का?

प्रश्न : वकीलसाहेब, दोन महिन्यांपूर्वी ऑनलाइन गेमिंग लॅपटॉप घेतला. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड मस्त आहे, पण स्क्रीन अंधुक आहे आणि गेममध्ये पळणाऱ्या कॅरेक्टरमागे धूसर शेपूट दिसतं. विक्रीच्या पेजवर 144 हर्ट्झ रिफ्रेश रेट आणि 300 निट्स ब्राइटनेस असं लिहिलं होतं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात सगळं नॉर्मल आहे. पूर्ण पैसे परत मिळतील का?

उत्तर : तुमच्या दोन तक्रारी आहेत आणि कायद्याच्या नजरेत त्या सारख्या वजनाच्या नाहीत, त्यामुळे त्या आधी वेगळ्या करू. अंधुकपणाची तक्रार भक्कम होऊ शकते, शेपटाची त्यामानाने कच्ची आहे.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये कलम 2(10) ला दोषाची व्याख्या आहे. वस्तू बंद पडली तरच दोष असं तिथे नाहीये, विक्रेत्याने जो दर्जा सांगितला त्यात कमतरता असली तरी तो दोषच. म्हणजे पेजवर 300 निट्स लिहून 220-230 निट्सचं पॅनल दिलं असेल तर बाकी हार्डवेअर कितीही तगडं असो, स्क्रीनमध्ये दोष आहे हे मांडता येतं. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या बॅचला वेगवेगळी पॅनल्स टाकलेली असतात, त्यामुळे असं होणं अजिबात दुर्मीळ नाही. पण पेजवर फक्त 250 निट्स लिहिलं असतं आणि तुम्हाला तेवढंच मिळालं असतं, तर स्क्रीन अंधुक वाटते एवढ्यावर मी तुम्हाला केस करा म्हटलं नसतं.

आता शेपटाचं बघा. 144 हर्ट्झ म्हणजे स्क्रीन दर 7 मिलिसेकंदाला नवीन चित्र घेते, ते खरंच घेत असेल तर कंपनीचा दावा खरा आहे. पण पिक्सेलला एका रंगातून दुसऱ्या रंगात जायला किती वेळ लागतो तो आकडा वेगळा, त्याला रिस्पॉन्स टाइम म्हणतात, आणि स्वस्त पॅनलमध्ये तो 25-30 मिलिसेकंदापर्यंत जातो. म्हणजे पिक्सेल जुना रंग सोडेपर्यंत तीन-चार नवी चित्रं येऊन गेलेली असतात, तेच तुम्हाला शेपूट म्हणून दिसतं. पेजवर रिस्पॉन्स टाइम लिहिला होता का ते नक्की बघा. 3 मिलिसेकंद वगैरे लिहिलं असेल तर हीसुद्धा तक्रार भक्कम झाली. काहीच लिहिलं नसेल तर "गेमिंगसाठी म्हणून विकला आणि त्या कामाला नीट चालत नाही" एवढाच मुद्दा हातात उरतो, तो जरूर मांडा पण त्याच्या एकट्याच्या जिवावर राहू नका.

पुराव्याचं आधी बघा, कारण बहुतेक लोक इथेच गडबडतात. बॅटरीवर चालताना बरेच लॅपटॉप ब्राइटनेस आणि रिफ्रेश रेट दोन्ही कमी करतात, ग्राफिक्सच्या सेटिंगमध्येही वीज वाचवायला स्क्रीन मंद करणारा पर्याय असतो. म्हणून चार्जर लावून, तो पर्याय बंद करून, ब्राइटनेस फुल करून मगच मोजायचं. मोबाइलच्या ॲपने मोजलेला आकडा समोरचा वकील दोन मिनिटांत उडवून लावेल, त्यामुळे स्क्रीन कॅलिब्रेट करणाऱ्या माणसाकडून कलरीमीटरने पांढऱ्या पडद्याच्या मधोमध मोजून लेखी घ्या, त्यावर लॅपटॉपचा सिरीयल नंबर आणि तारीख हवी. शेपटासाठी testufo.com ही स्क्रीन तपासायची साइट उघडून मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेम्सचा स्लो मोशन व्हिडिओ काढा. पेजचे स्क्रीनशॉट तर आजच घ्या, उद्या बदलतील, आणि बिलही जपून ठेवा.

तुमच्या मूळ प्रश्नाचं सांगतो. त्याच कायद्याच्या कलम 39 खाली ग्राहक आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला, पैसे परत करायला किंवा भरपाई द्यायला सांगू शकतो. पण बाहेरचा मॉनिटर लावला की लॅपटॉप उत्तम चालतो हे कंपनी सांगणारच आणि ते खरंही आहे, त्यामुळे थेट पूर्ण पैसे मागण्यापेक्षा "दाव्याप्रमाणे 300 निट्सचं पॅनल बसवून द्या, ते जमत नसेल तर लॅपटॉप परत घेऊन पैसे द्या" अशा क्रमाने मागा. पॅनल बदलून देतो म्हणाले तर कुठलं, हे लेखी विचारा, नाहीतर तेच अंधुक पॅनल नवं कोरं बसवून देतील आणि तक्रार सुटली असं लिहून घेतील.

ऑनलाइन घेतलाय हे तुमच्या फायद्याचं आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीतल्या वैशिष्ट्यांप्रमाणे नसलेली वस्तू विक्रेत्याला परत घ्यायला नाही म्हणता येत नाही, मग रिटर्नची मुदत संपली असं ते कितीही सांगोत. आधी विक्रेता आणि कंपनी दोघांना मोजमापाचा कागद जोडून ईमेल करा, पंधरा दिवस द्या, सोबत 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. नाहीच ऐकलं तर तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावाला जायची गरज नाही. कंपनीने मोजमाप नाकारलं तर कलम 38 खाली वस्तू लॅबकडे पाठवायची विनंती करा, तिची फी आधी तुम्हाला भरावी लागू शकते. तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे, पण तोपर्यंत थांबू नका, स्क्रीन वापराने मंद झाली असं म्हणायला त्यांना आयतीच संधी मिळेल.