होल-टोन स्केल आणि डिसोनन्स: देब्युसी आणि स्त्राविन्स्कीच्या दोन वाटा

प्रश्न: मी हार्मोनियम वाजवतो, पण पाश्चात्य संगीत नुसतं ऐकतो. मोझार्ट कुठे संपणार ते कळतं, देब्युसी आणि स्त्राविन्स्की ऐकताना पायाखालची जमीनच सापडत नाही. विसाव्या शतकात या लोकांनी हार्मनीचं नेमकं काय केलं?

हार्मोनियम समोर घ्या, म्हणजे हे पटकन उलगडेल. पांढरी एक सा धरा आणि प, शुद्ध नी, रे, शुद्ध म हे चार स्वर एकदम दाबून थांबा. काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटेल. आता सा, ग, प दाबा. सुटलो! त्या पहिल्या कॉर्डमधला नी अर्ध्या स्वराने वर सा वर गेला आणि म अर्ध्या स्वराने खाली ग वर उतरला. मोझार्टच्या हार्मनीचा जीव या दोन छोट्या पावलांत आहे. टोचणारा स्वर, म्हणजे डिसोनन्स, हे तिथे एक देणं असतं. ते पुढच्या कॉर्डने फेडायचं. म्हणून तुम्हाला शेवट आधीच ऐकू येतो.

देब्युसीने ती अर्ध्या स्वराची पावलंच काढून टाकली. हार्मोनियमवर पांढरी एक, दोन, तीन आणि मग काळी तीन, चार, पाच वाजवा. हेच होल-टोन स्केल: सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. सगळी अंतरं सारखी, एकेक पूर्ण स्वराची. शुद्ध नी नाही, त्यामुळे सा कडे ओढणारं कोणी नाही. पंचमही नाही, त्यामुळे सा ला आधार नाही. सहापैकी कुठलाही स्वर सा मानला तरी रचना तीच राहते. गोल खोलीत कोपरा शोधावा तसं कानाचं होतं.

त्याचं पियानोसाठीचं ‘व्वाल’ ऐका. 1910 साली छापलेल्या प्रेल्यूडच्या पहिल्या भागातलं हे दुसरं. मध्येच थांबवून सा गुणगुणून पाहा, कुठला धरावा ते ठरत नाही. खाली मंद्रात काळी पाच पुन्हा पुन्हा वाजत राहते. आपल्याला तानपुरा आठवतो, पण तानपुऱ्यातला पंचम इथे नाही, म्हणून ती टेकू देत नाही, नुसती लंगरासारखी लोंबत राहते. (फ्रेंच शब्दाचे दोन अर्थ आहेत, शिडं आणि पडदे. मला शिडंच दिसतात.)

यात एक अडचण आहे आणि देब्युसीला ती पक्की ठाऊक असणार. या स्केलमध्ये एक सोडून एक असे तीन स्वर घेतले की कुठूनही सुरुवात करा, एकाच जातीची कॉर्ड मिळते. पट्टी बदलूनही फार काही हाती लागत नाही, कारण बारा स्वरांत अशी स्केल दोनच बसतात. फार वेळ चाललं की ते स्वप्नदृश्याच्या पार्श्वसंगीतासारखं एकसुरी होतं. म्हणून तुकड्याच्या उत्तरार्धात जेमतेम सहा बारांपुरता, म्हणजे सहा छोट्या आवर्तनांपुरता, तो फक्त काळ्या पट्ट्यांवर जातो. काळी तीनला सा म्हटलं तर ते भूपाचे स्वर आहेत. पंचम परत आला, एकदम वारा भरला! आणि लगेच तो पुन्हा त्या धुक्यात शिरतो. शेवट पांढरी एक आणि तीनवर होतो, पण तोपर्यंत त्या सा-ग ला घराचा अर्थ उरलेला नसतो.

स्त्राविन्स्कीची वाट उलटी. तो ओढ काढत नाही, देणं मान्यच करत नाही. 29 मे 1913 ला पॅरिसमध्ये पहिल्यांदा झालेल्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेमध्ये सुरुवातीचा संथ भाग संपला की एक कॉर्ड ठोकायला लागते. डाव्या हाताने पांढरी तीन, काळी चार, पांढरी सात दाबा: साधी मेजर कॉर्ड. उजव्या हाताने काळी दोन, पांढरी पाच, काळी पाच, काळी एक: आपण सुरुवातीला दाबलेल्या अर्धवट कॉर्डच्याच जातीची. वेगवेगळ्या वाजवल्या तर दोन्ही ओळखीच्या. एकत्र दाबल्या की टोचतात, कारण त्यांचे मूळ स्वर अर्ध्या स्वरावर आहेत.

जुना संगीतकार इथून पुढे कुठेतरी गेला असता. स्त्राविन्स्की तीच कॉर्ड 32 वेळा सलग वाजवतो. पुढे काय येणार याची वाट पाहणं कान सोडून देतो आणि टोचणं हा नुसता रंग होतो, एखाद्या चर्मवाद्याच्या आवाजासारखा. मग लक्ष आपोआप आघातांकडे जातं. 1 ते 32 मोजत टाळी फक्त 10, 12, 18, 21, 25 आणि 30 वर द्या. हॉर्न नेमके तिथेच वाजतात. दोन-तीनदा जमलं की त्या जागी तुम्हाला पायाखाली जमीन सापडेल, फक्त ती स्वरांत नाही, लयीत आहे.