अंगणात ‘जानी दुश्मन’: वीस जणांना हसवणारा वाईट सिनेमा कसा निवडावा

प्रश्न: “आमचं गाव सिंदेवाहीकडे. धानाची मळणी आटोपली की आम्ही पोरं अंगणात चादर बांधून प्रोजेक्टरवर सिनेमा लावतो. घरच्या बायका, म्हातारी माणसं, लेकरं धरून वीसेक जण असतात. या वेळी चांगला नाही, इतका वाईट सिनेमा पाहिजे की हसून पोट दुखलं पाहिजे. कोणता लावू, आणि असे सिनेमे सापडतात कुठं?”

भाऊ, तुमच्या बैठकीसाठी मी एकच नाव सांगीन: ‘जानी दुश्मन: एक अनोखी कहानी’, 2002 सालचा. नाव पूर्ण टाकूनच शोधा. 1979 चा दुसरा एक ‘जानी दुश्मन’ आहे आणि दोन्हींचा दिग्दर्शक एकच, राजकुमार कोहली. नुसतं ‘जानी दुश्मन’ टाकलं तर जुनाच पुढं येण्याची शक्यता मोठी. चित्रात सनी देओल, अक्षय कुमार आणि सुनील शेट्टी दिसले की समजा, बरोबर ठिकाणी आलो.

हाच का, ते सांगतो, कारण पुढचे सिनेमे निवडताना हीच कसोटी लागेल. मुद्दाम वाईट बनवलेला सिनेमा दहा मिनिटांत शिळा होतो, कारण बनवणाराच आपल्याकडे बघून डोळा मारत असतो. खरं हसू येतं ते जीव तोडून, गंभीरपणे बनवलेल्या आणि तरीही हातातून निसटलेल्या सिनेमात. इथं दिग्दर्शकानं आपल्याच मुलाला, अरमान कोहलीला, इच्छाधारी नागाची मध्यवर्ती भूमिका दिली. त्याच्याभोवती मनीषा कोईराला, अर्शद वारसी, आफताब शिवदासानी, आदित्य पांचोली, अमरीश पुरी, एवढंच काय तर गायक सोनू निगमसुद्धा. यातली बरीच मंडळी कॉलेजची पोरं म्हणून वावरतात, आणि सनी देओलला कॉलेजात पाहिलं की पहिला हशा तिथंच फुटतो. नाग रूपं बदलतो, पातळ होऊन पुन्हा घट्ट होतो, हॉलिवुडचा टर्मिनेटर आठवावा तसा. पैसा ओतलेला दिसतो, मेहनतही दिसते, आणि पडद्यावर जे उतरतं ते भलतंच.

तुमच्याकडं हा आणखी रंगेल, कारण नागाच्या गोष्टी घरोघरी माहीत आहेत. आजीला इच्छाधारी नागाचे नियम पाठ असतात; नाग असं करतच नाही, हे ती तुमच्याआधी ओरडेल. झाडीपट्टीची नाटकं रात्रभर बसून पाहणाऱ्या माणसाला तीन तासांच्या आसपासची लांबी जड जात नाही, आणि पाहताना मोठ्यानं बोलायची सवय त्याला आहेच. असा सिनेमा गप्प बसून पाहायचा नसतो.

आता याची अडचण, आणि ही नीट ऐका. यात नायिकेवर जबरदस्तीचा प्रयत्न होतो आणि त्यातून ती जीव देते. नागाचा सगळा सूड त्यावरच उभा आहे. तो भाग हसण्याचा नाही आणि लेकरांसमोर दाखवण्याचाही नाही. लावणाऱ्यानं आदल्या दिवशी एकट्यानं सिनेमा पाहावा आणि तो प्रसंग कुठं सुरू होतो, कुठं संपतो, त्याची वेळ कागदावर लिहून ठेवावी. बैठकीत तेवढा भाग पुढं ढकलायचा आणि एकानं उठून दोन वाक्यांत सांगायचं: मित्रांपैकी दोघांनी तिचा घात केला, ती गेली, आता नाग एकेकाचा सूड घेणार. एवढं सांगितलं की गोष्ट तुटत नाही. हे न करता लावलं तर हसणारं अंगण एकदम गप्प होतं, बायका उठून आत जातात, आणि मग बैठक पुन्हा बसत नाही.

याच कारणासाठी ‘गुंडा’ तुमच्या अंगणात लावू नका. वाईट सिनेमा विचारला की लोक पहिलं नाव हेच घेतात. कांती शाहचा 1998 चा, मिथुन चक्रवर्ती, खलनायक मुकेश ऋषी, आपले मोहन जोशीही त्यात, आणि संवाद सगळे यमकात. त्याची ख्याती खरी आहे. पण भाषा आणि बायकांवरचे प्रसंग असे आहेत की तो घरच्यांसोबत बसून पाहण्याचा सिनेमाच नाही.

लेकरं जास्त असतील आणि प्रसंग पुढं ढकलायची कटकट नको असेल, तर ‘अजूबा’ लावा. 1991 चा, शशी कपूरनं दिग्दर्शित केलेला, सोव्हिएत संघासोबत मिळून बनवलेला. त्यात मुखवटा घातलेला अमिताभ एका डॉल्फिनला आई मानतो. लेकरं त्यात मनापासून रमतात आणि मोठी माणसं हसतात, हे दोन्ही एकाच वेळी घडतं.

कोणी ‘झपाटलेला’ किंवा ‘अशी ही बनवाबनवी’ सुचवेल. दोन्ही मला प्रिय आहेत, पण ते हसवण्यासाठीच बनवलेले चांगले सिनेमे आहेत. तुम्ही मागता ती चीज वेगळी.

पुढचे सिनेमे स्वतः शोधायचे तर IMDb या सिनेमांच्या संकेतस्थळावर फक्त गुण पाहू नका, मतं किती पडली तेही पाहा. गुण कमी आणि मतंही कमी, म्हणजे बहुतेक वेळा तो नुसता रटाळ असतो. गुण कमी पण मतं भरपूर, म्हणजे लोक त्याच्याबद्दल बोलतायत. मग प्रेक्षकांनी लिहिलेलं वाचा. ‘बोअर झालो’ एवढंच असेल तर सोडून द्या. लोक एकेक प्रसंग रंगवून सांगत असतील तर तो तुमचा सिनेमा. त्यानंतरही सुरुवातीची, मधली आणि शेवटची दहा-दहा मिनिटं पाहा. तिन्ही ठिकाणी काहीतरी घडत असलं पाहिजे. वाईट सिनेमा चालतो, संथ सिनेमा चालत नाही.

जुने हिंदी सिनेमे यूट्यूबवर हक्क घेतलेल्या कंपन्यांच्या वाहिन्यांवर पुष्कळ असतात. तिथं कालावधी आधी पाहा. ‘जानी दुश्मन’ दोन तासांत संपत असेल तर तो कापलेला आहे, आणि कापताना नेमकी मजेदार दृश्यं जातात. गावात रात्री नेट दगा देतं, म्हणून व्हिडिओखाली ‘डाउनलोड’ दिसत असेल तर दुपारीच करून ठेवा. मात्र तो व्हिडिओ त्याच ॲपमध्ये चालतो, पेनड्राइव्हवर घेता येत नाही. म्हणून फोनच प्रोजेक्टरला जोडावा लागेल, आणि स्वस्त फोनपैकी बरेच वायरीनं चित्र बाहेर देत नाहीत. आदल्या दिवशी नेट बंद करून, तोच फोन त्याच प्रोजेक्टरला लावून पाच मिनिटं चालवून पाहा. आवाजासाठी वेगळा स्पीकर घ्या. वीस जण हसायला लागले की प्रोजेक्टरचा आवाज कोणालाच ऐकू येत नाही, आणि या सिनेमात संवाद ऐकू आले नाहीत तर अर्धी मजा गेली.

लोकांना आवडला तर पुढच्या बैठकीला याच दिग्दर्शकाची 1976 ची ‘नागिन’ लावा. त्यात नाग मारला जातो आणि सूड नागिन घेते. ती भूमिका रीना रॉयची. सिनेमा तुलनेनं बराच बरा आहे, त्यामुळे हसणं कमी होईल. पण 2002 वाला ताजा असताना पाहिला की तीच गोष्ट कुठं कशी बिघडली, ते म्हातारी माणसं आपणहून दाखवून देतील. त्या गप्पा सिनेमापेक्षा जास्त वेळ चालतात.