सगळ्याजणी 'सहमत' म्हणतात तेव्हा

प्रश्न: आमच्या कारखान्यात ३०० महिला कामगार आहेत. 'इथे मला सुरक्षित वाटतं' याला जवळजवळ सगळ्याच 'सहमत' म्हणतात, पण कुजबुज वेगळीच कानावर येते. खरी उत्तरं यावीत म्हणून काय करू?

उत्तर: आधी ते 'सहमत-असहमत' काढून टाका. कंपनीचं माणूस समोर असताना 'असहमत' म्हणणं म्हणजे उलट बोलणं, असंच बहुतेकींना वाटतं. शिफ्ट संपवून दमलेली बाई 'हो' म्हणून मोकळी होते. त्या 'हो'चा सुरक्षिततेशी संबंध असेलच असं नाही.

मी औद्योगिक वसाहतींमध्ये सर्वेक्षणं करते. एकदा प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या मागे बसले होते. फॉर्मवर होतं, 'गेल्या सहा महिन्यांत कामावर कोणी तुम्हाला नको असताना अंगाला हात लावला का?' तिला संकोच वाटला आणि तिने विचारलं, "ताई, तसला काही त्रास नाही ना इथे?" समोरची बाई पदर सारखा करत म्हणाली, "हो." मुलीने 'नाही'वर खूण केली. आता तो 'हो' कसला? 'हो, त्रास नाही' की 'हो, आहे'? आपल्या भाषेत दोन्ही बसतं. शिवाय 'नाही ना' म्हटलं की कोणतं उत्तर हवंय ते आधीच कळतं. त्या दिवसाचे सगळे फॉर्म आम्ही बाद केले. म्हणून प्रश्नात 'नाही ना' नको, आणि फॉर्मवरचं वाक्य जसंच्या तसं वाचायचं, हे मुलींकडून घटवून घ्या.

मतापेक्षा घडलेली गोष्ट विचारा. 'सुपरवायझरने तुमच्या अंगावरून किंवा कपड्यांवरून शेरा मारला, असं गेल्या सहा महिन्यांत किती वेळा झालं?' आणि पर्याय द्या: एकदाही नाही, एकदोनदा, बऱ्याचदा. 'लैंगिक छळ' हा शब्द अगदी शेवटी येऊ द्या. तो ऐकला की बाई मनात तोलू लागते, 'माझ्या बाबतीत झालं ते एवढं मोठं होतं का?' अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाच्या २०१६ च्या अहवालात हा फरक स्पष्ट दिसतो. व्याख्या न देता नुसतं 'छळ झाला का' विचारलं तेव्हा साधारण २५ टक्के स्त्रिया 'हो' म्हणाल्या. नेमकी वागणूक सांगून विचारलं तेव्हा सुमारे ४० टक्के. अर्थात, अशा प्रश्नांतून काय घडलं ते कळतं, कायद्याने त्यातलं काय छळात बसतं ते नाही.

एवढं करूनही लाज आणि नोकरीची भीती उरतेच. त्यासाठी मला फाशाची पद्धत आवडते. उत्तरात असा नशिबाचा भाग मिसळण्याची मूळ कल्पना संशोधक स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडली. फाशाचं रूप नंतरचं. बाईने आडोशाला फासा टाकायचा, आकडा कोणालाही दाखवायचा नाही. १ पडला तर काहीही घडलेलं असो, 'हो' लिहायचं. ६ पडला तर 'नाही'. २ ते ५ पडला तर खरं उत्तर. मग कोणाच्याही कागदावर 'हो' दिसलं तरी ते फाशाचं की तिचं, हे तुम्हाला कळूच शकत नाही, आणि हे तिलाही दिसतं.

समजा, ३०० कागदांत ९० 'हो' आले. १ पडल्यामुळे आलेले साधारण ५० वजा केले की ४० उरतात. खरं उत्तर देणाऱ्या साधारण २००. म्हणजे २० टक्के. पण फाशामुळे अंदाज सैल होतो: हा आकडा १२ ते २८ मध्ये कुठेही असू शकतो, सरळ विचारलं असतं तर १५ ते २५ मध्ये. म्हणून ही पद्धत ४० जणींच्या एका विभागासाठी वापरू नका, आणि फाशावर एक-दोनच प्रश्न ठेवा. खोटं उत्पादन नोंदवलं का, दुसऱ्याची हजेरी लावली का, अशा प्रामाणिकपणाच्या प्रश्नांनाही ती तशीच चालते.

कागदावर नाव तर नकोच, पण विभाग, वय आणि शिक्षणही एकत्र मागू नका. तिन्ही जुळले की बाई ओळखू येते. कागद कंपनीच्या माणसाने गोळा करू नयेत.

फासा कसा टाकायचा ते आधी निरुपद्रवी प्रश्नावर करून दाखवा, 'आज चहा घेतला का?' वगैरे. कारण १ पडूनही 'हो' लिहायला हात धजावत नाही असं होतं, आणि मग आकडा खऱ्यापेक्षा खाली येतो. ३०० कागदांत 'हो' ५० च्या बरेच खाली, समजा ३० आले, तर बायकांनी फाशाचा नियम पाळलेला नाही. तो आकडा अहवालात 'आमच्याकडे छळ नाही' म्हणून घालू नका.