दिसत नाही म्हणतात, तरी चेंडू अडवतात: स्ट्रोकनंतरची ब्लाइंडसाइट

प्रश्न: स्ट्रोकनंतर माझ्या बाबांना डाव्या बाजूचं काहीच दिसत नाही. डोळे चांगले आहेत, मेंदूचा मागचा उजवा भाग गेलाय, असं डॉक्टर म्हणतात. परवा खळ्यात पोरं खेळत होती, डावीकडून चेंडू आला आणि बाबांनी बरोबर हात आडवा घातला. विचारलं तर म्हणतात, "मला काय दिसलं नाय." मग त्यांना दिसतं की नाही? (देवगड)

उत्तर:

बाबा खोटं बोलत नाहीत, हे आधी सांगते. मी रत्नागिरीत ऑप्टोमेट्रिस्ट आहे, दृष्टिक्षेत्राच्या तपासण्या हे माझं रोजचं काम. "दिसलं नाही" आणि "हात बरोबर गेला" या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत एकाच वेळी खऱ्या असू शकतात. याला ब्लाइंडसाइट म्हणतात. मात्र एका चेंडूवरून ती आहे असं ठरवता येत नाही.

दोन्ही डोळ्यांतली डाव्या बाजूची माहिती मेंदूच्या उजव्या अर्ध्यात, पार मागे, बघण्याच्या मुख्य केंद्रात पोचते. त्याला व्ही-वन म्हणतात. ते निकामी झालं की दोन्ही डोळ्यांची डावी अर्धी बाजू जाते. आमच्याकडे आलेल्या एका तांडेलांचा ठाम समज होता की डावा डोळा गेला. तो झाकून नुसत्या उजव्याने यंत्रात बघायला लावलं, तरी डावीकडच्या एकाही ठिपक्याला त्यांनी बटण दाबलं नाही. कागदावर दोन्ही डोळ्यांची डावी बाजू काळी आली, मधोमध उभी रेघ मारल्यासारखी.

आता ज्या माणसामुळे हा विषय उभा राहिला त्याच्याबद्दल. वैद्यकीय लेखनात त्याला डी. बी. एवढंच म्हणतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या गुंत्यासाठी १९७३ साली लंडनमध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. उजवं व्ही-वन काढावं लागलं आणि तुमच्या बाबांसारखीच डावी बाजू गेली. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स वाइसक्रान्ट्झ, एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी त्याला डावीकडे क्षणभर प्रकाश दाखवला आणि विचारलं, कुठे होता, बोट दाखव. तो म्हणाला, मला काहीच दिसत नाही. "नसू दे, अंदाजाने दाखव." बोट बऱ्यापैकी जागेवर जायचं. रेघ उभी की आडवी, फुली की गोल, हेही तो "अंदाजाने" नशिबाच्या कितीतरी पलीकडे बरोबर सांगायचा. निकाल दाखवल्यावर सर्वांत जास्त आश्चर्य त्यालाच वाटलं. १९७४ साली हे छापून आलं.

यावर आक्षेप लगेच आले, आणि ते रास्त होते. प्रकाश डोळ्यात विखुरतो. डावीकडच्या ठिपक्याची उजेडाची झाक शाबूत उजव्या भागावर पडत असेल, तर डी. बी. त्यावरूनच ओळखत असेल. त्यावरची चाचणी मला फार आवडते. प्रत्येक डोळ्यात, जिथून दृष्टीची नस बाहेर पडते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. डाव्या डोळ्यात ही आंधळी जागा नजरेच्या मध्यापासून सुमारे १५ अंश डावीकडे येते, म्हणजे डी. बी.च्या गेलेल्या भागातच. ठिपका नेमका तिथे टाकला तेव्हा त्याचा अंदाज निव्वळ नशिबावर आला. तोच ठिपका शेजारी, व्ही-वनमुळे आंधळ्या झालेल्या जागेत टाकला, तर पुन्हा बरोबर यायला लागलं. विखुरलेला उजेड दोन्ही वेळा तितकाच होता. म्हणजे त्या "न दिसणाऱ्या" जागेवरची रेटिना, म्हणजे डोळ्यातला प्रकाश टिपणारा पडदा, खरोखर काम करत होती आणि तिची खबर मेंदूत कुठेतरी पोचत होती.

पोचायला वाटा आहेत. रेटिनाच्या बहुतेक तंतूंची वाट मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमसमधल्या एका केंद्रातून व्ही-वनला जाते. पण काही तंतू मध्यमेंदूत जातात, जिथे अचानक काही हललं की डोळे आणि मान तिकडे वळवायचं काम चालतं. शिवाय थॅलॅमसच्या त्या केंद्रातून हालचाल ओळखणाऱ्या भागाकडे व्ही-वनला वगळून जाणारी एक बारीक जोडणीही आहे. ज्यांच्यात ब्लाइंडसाइट दिसते त्यांच्यात ही जोडणी शाबूत आणि ज्यांच्यात नाही त्यांच्यात तुटलेली, असं २०१५ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी स्कॅनवर दाखवलं. म्हणून सारखा घाव झालेल्या दोघांपैकी एकात ती असते, दुसऱ्यात नसते.

यावरून निघतं ते असं: डोळ्यांनी हात, पाय, मान चालवायला "मला दिसतंय" हा अनुभव लागतोच असं नाही, आणि त्या अनुभवासाठी मात्र व्ही-वन फार मोलाचं दिसतं. तरीही मी "ते पूर्णपणे नकळत होतं" असं छातीठोकपणे म्हणणार नाही. काही रुग्ण सांगतात की दिसलं नाही, पण काहीतरी हललं असं जाणवलं. इयन फिलिप्स हे तत्त्वज्ञ म्हणतात की ही फार अंधूक, पण जाणिवेतलीच दृष्टी आहे, आणि खात्री नसल्यामुळे माणूस "नाही" म्हणतो. वाद मिटलेला नाही. माझ्या मते काही रुग्णांना त्यांचं म्हणणं लागू पडतं, सगळ्यांना नाही.

आता बाबांचा चेंडू. ब्लाइंडसाइटच्या आधी साध्या शक्यता बघा. टप्प्याचा आवाज आला असेल, पोरं ओरडली असतील, किंवा बाबांची नजर तेव्हा डावीकडे वळलेली असेल. आणखी एक शक्यता हमखास निसटते. डाव्या डोळ्याची अगदी कडेची, साधारण ६० अंशांपलीकडची चंद्रकोरीसारखी पट्टी व्ही-वनच्या पुढच्या टोकाला असते आणि मागच्या भागातल्या स्ट्रोकमधून ती कधीकधी वाचते. दृष्टिक्षेत्राची नेहमीची तपासणी मधल्या २४ किंवा ३० अंशांतच बघते, त्यामुळे कागदावर ती दिसतच नाही. ही पट्टी फक्त डाव्या डोळ्याची असते. डावा डोळा झाकल्यावर कडेचं भान गेलं तर समजा, कारण हेच. तसंच स्थिर ठिपका न दिसणाऱ्याला हलणारी वस्तू दिसू शकते. डॉक्टर जॉर्ज रिडॉक यांनी पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांत हे पाहून १९१७ साली लिहिलं होतं. पण त्यात माणूस "हललेलं दिसलं" असं सांगतो.

घरी बघायचं असेल तर बाबांना समोरच्या एका खुणेवर नजर ठेवायला सांगा. एकाने फक्त त्यांच्या डोळ्यांवर लक्ष ठेवायचं, नजर हलली की ती खेप बाद. दुसऱ्याने आवाज न करता डावीकडे पांढरं फडकं हलवायचं, वर की खाली ते नाणं उडवून ठरवायचं. दरवेळी दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: "वर की खाली, अंदाज सांगा" आणि "दिसलं का?" ४० खेपांत नशिबाने २० च्या आसपास बरोबर येतील. नुसत्या नशिबाने २८ किंवा जास्त येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी आहे. तेवढे आले आणि दुसऱ्या प्रश्नाला सतत "नाय" आलं, तर तो कागद घेऊन न्यूरो-ऑप्थॅल्मॉलॉजिस्टकडे जा आणि हलत्या ठिपक्याची, पूर्ण कडेपर्यंतची पेरिमेट्री, म्हणजे दृष्टिक्षेत्राची तपासणी, करून मागा.

निकाल काहीही आला तरी स्कूटर, जेटी आणि होडीवरची चढउतार यासाठी त्यांची डावी बाजू नाहीच असं धरून चाला. अंदाज बरोबर येतो तो कुणी विचारल्यावर. स्वतःहून डावीकडच्या गोष्टीची दखल घेणं त्यातून होत नाही, त्यासाठी मान वळवून बघायची सवयच लावावी लागते.