हप्ता पाच तारखेला, पगार दहाला

“मॅडम, घरून महिन्याला सात हजार येतात आणि संध्याकाळी क्लासमध्ये शिकवून साडेचार हजार मिळतात. जूनमध्ये मैत्रिणीने म्युच्युअल फंडात महिन्याला हजाराची एसआयपी सुरू करून दिली. जुलै आणि ऑगस्टचे हप्ते बाउन्स झाले, बँकेने दंड कापला. गुंतवणूक करायची माझी ऐपतच नाही का? माझं नाव खराब झालं असेल का?”

ती पुण्यात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायची. मी तिला आधी बँकेचं स्टेटमेंट उघडायला सांगितलं.

एक तारखेला घरचे सात हजार जमा. तीन तारखेला खोलीचे 3,200 गेले, चारला मेसचे 3,000. पाच तारखेला हजाराचा हप्ता आला तेव्हा खात्यात उरले होते आठशेच्या आत, आणि क्लासचा पगार व्हायचा दहा तारखेला. मे महिन्यात क्लास बंद असल्यामुळे 10 जूनला पगारच झाला नव्हता, त्यामुळे जुलैला हाताशी मागची शिल्लकही नव्हती. अडचण ऐपतीची नव्हती, तारखेची होती.

दंडाचा आकडा मात्र बोचणारा होता. प्रत्येक बाउन्सला 250 रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे 295. दोन महिन्यांत 590 रुपये गेले. हा दंड बँकेचा असतो. हप्ता चुकला म्हणून म्युच्युअल फंड काही कापत नाही. एसआयपी म्हणजे कर्ज नव्हे, त्यामुळे सिबिल स्कोअरलाही धक्का लागत नाही. हे ऐकल्यावर तिचा चेहरा सैलावला. वडिलांना कळलं तर काय, ही भीती ती दोन महिने एकटीच वागवत होती. मुलं अशा वेळी महिनोन् महिने गप्प बसतात आणि तेवढ्यात दंड वाढत जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढचा हप्ता जवळ आला होता. मासिक एसआयपीचे लागोपाठ तीन हप्ते चुकले की ती आपोआप रद्द होते, पण त्यासाठी तिसरा दंड कशाला भरायचा? तिने ॲपवरून लगेच एसआयपी बंद करण्याची विनंती टाकली. ही विनंती हप्त्याच्या काही दिवस आधी जावी लागते. एसआयपी बंद केली म्हणून आधीचे पैसे बुडत नाहीत; जूनच्या हजाराचे युनिट तिच्याच नावावर राहिले.

मग हिशेब मांडला. घरच्या पैशातून खोली-मेस भागून आठशे उरतात. रिचार्ज, बस, झेरॉक्स, चहा-नाश्ता धरून महिन्याला आणखी दोन हजार पगारातून जातात. हा खर्च मी कमी करायला लावला नाही, कारण दिवसभर कॉलेज आणि संध्याकाळी क्लास करणाऱ्या मुलीने वडापाव मोजून खावा, असं मला वाटत नाही. तरीही अडीच हजार उरतातच.

सप्टेंबर ते नोव्हेंबर हे अडीच हजार दुसऱ्या झिरो बॅलन्स खात्यात टाकायचे, गुंतवणूक काहीच नाही, असं ठरलं. त्या खात्याला यूपीआय जोडायचं नाही. तीन महिन्यांत साडेसात हजार, म्हणजे महिनाभराच्या राहण्या-खाण्यापेक्षा थोडे जास्तच.

डिसेंबरपासून दोन वाटा केल्या. दोन हजारांची सहा महिन्यांची आरडी; जूनमध्ये बारा हजार आणि थोडं व्याज हातात येईल, ते एम.कॉम.च्या फीसाठी. ही फी शेअर बाजारावर चालणाऱ्या फंडात ठेवू नकोस, असं मी स्पष्ट सांगितलं. 2020 मध्ये जानेवारी ते मार्च एवढ्या काळात शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी एक तृतीयांशाहून जास्त घसरला होता, आणि फी भरायची तारीख बाजार सावरेपर्यंत थांबत नाही.

उरलेल्या पाचशेची नवी एसआयपी, तारीख पंधरा. पगार एखाद-दोन दिवस लांबला तरी निभावतं. मैत्रिणीने गेल्या वर्षीचा परतावा बघून लहान कंपन्यांत पैसे लावणाऱ्या स्मॉलकॅप फंडाचा रेग्युलर प्लॅन निवडला होता. रेग्युलर प्लॅनमध्ये एजंटचं कमिशन दरवर्षी आपल्याच पैशातून जातं. त्याऐवजी तिने निफ्टीतल्या पन्नास मोठ्या कंपन्यांत पैसे लावणाऱ्या निफ्टी 50 इंडेक्स फंडाचा, एजंटचं कमिशन नसलेला डायरेक्ट प्लॅन घेतला. पाच-सात वर्षं हात लावायचा नसेल तरच हे पैसे तिथे ठेवायचे, हे तिने मान्य केलं. नॉमिनी म्हणून आईचं नाव घातलं.

“मग पुढच्या मेचं काय?” तिने विचारलं. क्लास तेव्हाही बंद असणार आणि 10 जूनला पगार नसणार. जूनचा पाचशेचा हप्ता साडेसात हजारांतून भागवायचा आणि जुलैच्या पगारातून तेवढे परत टाकायचे. 14 जूनला दुसऱ्या खात्यातून पाचशे वळते करण्याचं रिमाइंडर तिने तिथेच मोबाइलमध्ये लावलं.